‘मला मान्य नाही’ लिहिण्याआधी

एप्रिल-मे आला की खासगी कंपन्यांतल्या अनेकांच्या स्क्रीनवर एक रिकामी चौकट उघडते. वर साहेबांचा शेरा, शेजारी श्रेणी आणि खाली ‘कर्मचाऱ्याचं मत’ लिहिण्याची जागा. श्रेणी चांगली असली तर तिथे ‘धन्यवाद’च्या पलीकडे कोणी जात नाही. ती घसरली असली तर मात्र रात्री अकरा वाजता बसून लांबलचक परिच्छेद लिहिले जातात. मनुष्यबळ विभागात काम करताना असे परिच्छेद मी पुष्कळ वाचले आहेत. त्यांतला बराचसा मजकूर खरा असतो. तरीही लिहिणाऱ्याच्या पदरात त्यातून काही पडत नाही.

याचं एक कारण अगदी व्यवहारातलं आहे. बहुतेक मोठ्या कंपन्यांत श्रेणी तुम्हाला दिसते तेव्हा ती ठरून गेलेली असते. विभागप्रमुख एकत्र बसून आपापल्या माणसांच्या श्रेण्या ताडून पाहतात. वरच्या किती आणि खालच्या किती, याचं साधारण प्रमाण वरून आलेलं असतं, आणि पगारवाढीचे आकडेही त्यावर बेतून झालेले असतात. चौकटीत काहीही लिहिलं तरी हे गणित सहसा पुन्हा मांडलं जात नाही. श्रेणीवर दाद मागायची असेल तर अनेक कंपन्यांत त्याचा मार्ग वेगळा असतो, त्याची मुदतही वेगळी असते. मग चौकटीतलं वाचतं कोण? तुमचे साहेब, त्यांचे साहेब, मनुष्यबळ विभागातलं कोणीतरी, आणि सगळ्यांत महत्त्वाचं म्हणजे पुढच्या वर्षी बदलून आलेला नवा साहेब. त्याला तुमच्याबद्दल काहीच माहीत नसतं. ‘ही व्यक्ती कशी आहे’ हे पाहायला तो मागच्या वर्षीचा अर्ज उघडतो आणि तुमचं मत वाचतो. उत्तर लिहायचं ते या माणसाला समोर ठेवून.

एक प्रसंग घेऊ. तो रचलेला आहे, पण चाकणपासून वाळूजपर्यंत कुठल्याही औद्योगिक पट्ट्यात तो कोणालाही ओळखीचा वाटेल. वाहनांचे सुटे भाग बनवणाऱ्या एका मध्यम कारखान्यात खरेदी विभागात एक अधिकारी आहे. नोकरीला सात वर्षं झाली आहेत. आतापर्यंत दरवर्षी ‘अपेक्षेप्रमाणे’ अशी श्रेणी मिळत आली, या वर्षी ‘अपेक्षेपेक्षा कमी’ आली. शेरा असा आहे: ‘सप्लायरकडून होणाऱ्या विलंबाची माहिती वेळेवर वर पोहोचत नाही. इतर विभागांशी समन्वय वाढवण्याची गरज आहे.’

तिने त्या रात्री लिहिलेलं उत्तर असं होतं. प्रत्यक्षात हे बहुधा इंग्रजीत लिहिलं जातं, इथे ते मराठीत देतो.

‘मला दिलेली श्रेणी अन्यायकारक आहे. नोव्हेंबरपासून मी एकटी दोन जणांचं काम करत आहे आणि व्यवस्थापनाला याची पूर्ण कल्पना आहे. विलंब सप्लायरकडून होतो, त्याला मी जबाबदार कशी? मी प्रत्येक वेळी मेल केलेले आहेत, ते माझ्याकडे आहेत. उलट प्रॉडक्शनवालेच इंडेंट उशिरा देतात, त्यांना कोणी विचारत नाही. सात वर्षांत माझ्याबद्दल एकही तक्रार नव्हती. ज्यांनी माझ्या निम्मंही काम केलेलं नाही त्यांना माझ्यापेक्षा चांगली श्रेणी मिळाली आहे.’

यातलं एकही वाक्य खोटं नाही असं आपण धरून चालू. शेजारची जागा खरंच रिकामी आहे, मेल खरंच केलेले आहेत, इंडेंट खरंच उशिरा येतात. तरी नव्या साहेबाच्या नजरेने हे वाचून पाहा. त्याला एवढंच कळतं की ही बाई चिडलेली आहे, सहकाऱ्यांवर बोट दाखवते आणि शेऱ्यातल्या मुद्द्यावर काही बोलत नाही. शेवटचं त्याचं निरीक्षण तर बरोबरही आहे.

कसं, ते पाहण्यासाठी एक साधी चाचणी आहे. शेऱ्यातलं क्रियापद शोधायचं आणि ते आपल्या उत्तरात कुठे सापडतं ते बघायचं. साहेबांनी लिहिलं आहे की माहिती ‘पोहोचत नाही’. विलंब तिच्यामुळे होतो, असं त्यांनी कुठेही म्हटलेलं नाही. तिने मात्र ‘विलंबाला मी जबाबदार नाही’ असं उत्तर दिलं, म्हणजे न केलेल्या आरोपाचा खुलासा केला, आणि केलेला आरोप तसाच राहिला. ‘मेल केले आहेत’ हे एकच वाक्य शेऱ्याच्या जवळ जातं, पण मेल करणं आणि माहिती पोहोचणं यांत अंतर आहे, आणि शेरा नेमका त्या अंतराबद्दल आहे. बचावाच्या भरात लिहिलेल्या उत्तरांमध्ये मला सर्वाधिक दिसलेला दोष हाच. मनाला जे लागलं त्याला उत्तर जातं, कागदावर जे लिहिलं आहे त्याला जात नाही.

दुसरी चाचणी आणखी सोपी आहे. उत्तरात ‘मी, मला, माझं’ किती वेळा आलं आणि कामातल्या वस्तू किती वेळा आल्या, हे मोजा. वस्तू म्हणजे सप्लायर, तारीख, मेल, तक्ता, गाडी. वरच्या उत्तरात ‘मी’ जवळपास प्रत्येक वाक्यात आहे आणि तारीख एकही नाही. याला संशोधनाचाही आधार आहे. अव्राहम क्लुगर आणि अँजेलो डेनिसी यांनी १९९६ मध्ये अभिप्रायाच्या परिणामांवर झालेल्या जुन्या अभ्यासांचा एकत्रित आढावा घेतला. सरासरीने अभिप्रायाचा फायदा दिसला, पण एक तृतीयांशाहून अधिक ठिकाणी अभिप्रायानंतर कामगिरी उलट खालावली होती. त्यांचं स्पष्टीकरण असं की अभिप्रायामुळे माणसाचं लक्ष कामावरून उठून स्वतःवर, ‘मी कसा आहे’ या प्रश्नावर गेलं की त्याचा उपयोग कमी होतो. शेरा लिहिणाऱ्याच्या भाषेचाही यात दोष असतो. पण शेरा लिहून झाला आहे, तो बदलणं आपल्या हातात नाही. लक्ष स्वतःवरून कामाकडे वळवणं मात्र उत्तर लिहिणाऱ्याला जमतं, आणि बचावाचं उत्तर विधायक करण्याची सगळी खटपट या एका वळणात आहे. नम्र शब्द नंतर आपोआप येतात.

तर आता तिने काय करावं? पहिला मसुदा पुसू नये. तो वेगळ्या कागदावर, कंपनीच्या पोर्टलबाहेर ठेवावा. रागाच्या त्या सात-आठ वाक्यांत दोन-तीन कामाच्या गोष्टी दडलेल्या असतात आणि त्या पुढे लागणार आहेत. दुसऱ्या दिवशी उत्तराला हात न लावता आधी मेलबॉक्स उघडावा. शेरा विलंबाच्या माहितीबद्दल आहे ना? मग वर्षभरात मालाअभावी लाइन थांबली किंवा थांबता थांबता राहिली असे प्रसंग काढायचे. तिला असे तीन सापडले: जुलै, नोव्हेंबर आणि फेब्रुवारी. प्रत्येकासाठी तीन तारखा लिहायच्या. माल उशिरा येणार हे आपल्याला कधी कळलं, आपण कधी कळवलं, आणि प्लॅनिंगवाल्यांना ते प्रत्यक्षात कधी समजलं.

जुलैत आणि नोव्हेंबरमध्ये तिने ज्या दिवशी कळलं त्याच दिवशी कळवलेलं निघालं. पण कळवलं कसं? रोज संध्याकाळी जाणाऱ्या तक्त्यात, पस्तीस-चाळीस ओळींच्या मध्ये एक ओळ, ‘अपेक्षित तारीख’ या रकान्यात बदललेला आकडा. मेल प्लॅनिंगला, साहेबांना फक्त सीसी. रोज येणाऱ्या तक्त्यातला बदललेला एक आकडा कोणाच्या डोळ्यांत भरणार? फेब्रुवारीची गोष्ट वेगळी. कास्टिंगच्या सप्लायरने सोमवारी फोनवर सांगितलं, ‘मॅडम, भट्टीचं काम निघालंय, पण उद्या गाडी काढतो.’ मंगळवारी तेच, बुधवारी तेच. तिने गुरुवारी मेल केला आणि शुक्रवारी लाइन उभी राहिली. तिचा हेतू वाईट नव्हता. उगाच कशाला घाबरवायचं, उद्या माल येईलच, असा विचार तिने केला. खरेदीत काम केलेल्या कोणीही तो कधी ना कधी केलेला असतो.

या तीन तारखांच्या तक्त्याने एक तास खाल्ला असेल, पण त्याने शेऱ्याचं रूपच बदलून टाकलं. ‘माहिती पोहोचत नाही’ हे आता चारित्र्यावरचं बोट उरलं नाही. दोन नेमक्या सवयी हाती लागल्या: तातडीची बातमी रोजच्या तक्त्यात पुरली जाते, आणि सप्लायरच्या तोंडी शब्दावर थांबलं जातं. दोन्ही दुरुस्त होण्यासारख्या आहेत. त्याचबरोबर साहेबांचं म्हणणं सरसकट बरोबर नाही, हेही तारखांनिशी दिसलं.

दुसऱ्या मसुद्याची पाळी इथे येते, त्याआधी नाही. तो असा झाला:

‘विलंबाची माहिती वेळेवर पोहोचत नाही, हा मुद्दा मी वर्षभरातल्या मेलवरून तपासला. जुलै आणि नोव्हेंबरच्या प्रसंगांत त्याच दिवशी कळवलं होतं, पण ती नोंद रोजच्या तक्त्यात होती, त्यामुळे ती वेगळी उठून दिसली नाही. फेब्रुवारीत कास्टिंगच्या बाबतीत सप्लायरच्या आश्वासनावर विसंबून मी तीन दिवस थांबले. ते सोमवारीच कळवायला हवं होतं.

१ जूनपासून पुढील पद्धत ठेवत आहे. लाइनला माल लागण्याच्या दोन दिवस आधी गाडी क्रमांकासह ई-वे बिल हातात आलं नाही, तर सप्लायर काहीही सांगत असला तरी त्याच दिवशी प्लॅनिंगला फोन आणि तुम्हाला स्वतंत्र मेल जाईल. मेलच्या विषयात भागाचा क्रमांक आणि लाइन कधी थांबू शकते ती तारीख असेल.

नोव्हेंबरपासून विभागातली दुसरी जागा रिक्त असल्याने तिथल्या सप्लायरचा पाठपुरावाही माझ्याकडे आहे. सगळ्यांचा रोज पाठपुरावा होत नाही. कोणत्या भागांकडे आधी लक्ष द्यायचं, याची यादी आपण एकत्र बसून ठरवली तर बरं होईल.

समन्वयाबाबतचा मुद्दा कोणत्या प्रसंगावरून आला हे माझ्या लक्षात आलेलं नाही. एक-दोन प्रसंग सांगितल्यास मी तेही तपासून पाहीन. या पद्धतीचा उपयोग होतो आहे का, हे पाहण्यासाठी जुलैच्या पहिल्या आठवड्यात पंधरा मिनिटं मिळावीत, ही विनंती.’

पहिल्या मसुद्यातलं काय टिकलं आणि काय गळालं ते पाहण्यासारखं आहे. रिक्त जागेची तक्रार गेली नाही. तिचं मागणीत रूपांतर झालं, आणि मागणीही अशी की साहेबांना ‘नाही’ म्हणणं अवघड. नवीन माणूस द्या, असं ती म्हणत नाही, कारण तो बहुधा साहेबांच्या हातात नसतो. ती म्हणते, प्राधान्य ठरवून द्या, आणि ते तर साहेबांचंच काम आहे. शिवाय जागा नोव्हेंबरपासून रिक्त असल्याची नोंद कंपनीच्याच कागदावर, तारखेसह, कुणालाही न दुखावता झाली. मेलचा मुद्दाही टिकला, पण पुराव्याची धमकी म्हणून उरला नाही. ‘ते माझ्याकडे आहेत’ ऐवजी ‘दोनदा त्याच दिवशी कळवलं होतं’. म्हणजे शेऱ्याशी तिचा अंशतः मतभेद आहे आणि तो तिने स्पष्ट सांगितलाही आहे. उत्तर ग्रहणशील असणं म्हणजे मतभेद गिळणं नव्हे, हे इथे दिसतं.

प्रॉडक्शनचे उशिरा येणारे इंडेंट मात्र गळाले. मुद्दा खरा आहे, पण या शेऱ्याशी त्याचा संबंध नाही. तीनही प्रसंगांत इंडेंट वेळेवर आलेले असतील तर तो इथे मांडणं म्हणजे विषय बदलणं. डग्लस स्टोन आणि शीला हीन यांनी अभिप्राय घेण्यावर २०१४ मध्ये लिहिलेल्या पुस्तकात या गोष्टीवर बरंच लिहिलं आहे. समोरचा एका विषयावर बोलत असतो, आपण नकळत दुसरा विषय काढतो, आणि मग दोघं आपापल्या रुळावरून पुढे निघून जातात. इंडेंटचा प्रश्न खरोखर त्रासाचा असेल तर त्यासाठी वेगळा दिवस आणि वेगळा मेल हवा. इतरांच्या श्रेणींची तुलना तर कुठल्याच मसुद्यात टिकू नये. दुसऱ्याला काय आणि का मिळालं याची माहिती आपल्याकडे अपुरी असते, आणि वाचणाऱ्याला हे ठाऊक असतं.

‘सात वर्षांत तक्रार नव्हती’ हे वाक्य सोडताना जिवावर येतं, हे मला माहीत आहे. पण मागच्या वर्षांचे अर्ज त्याच पोर्टलवर आहेत. नवा साहेब ते पाहीलच.

मसुद्यात ‘आभार’ हा शब्द नाही, हेही तुमच्या लक्षात आलं असेल. टाकायचा तर एकदा टाका, पण ‘आपल्या मौल्यवान अभिप्रायाबद्दल मनःपूर्वक ऋणी आहे’ असली वाक्यं नकोत. ज्या माणसाला कालच खालची श्रेणी मिळाली त्याच्या तोंडी ती खोटी वाटतात, आणि वाचणाऱ्याला टोमण्यासारखी लागतात. आपण शेरा गंभीरपणे घेतला याचा पुरावा तीन तारखांमध्ये आहे, विशेषणांमध्ये नाही.

याहून मोठी चूक दुसऱ्या टोकाची. बचाव करायचा नाही म्हणून काही जण सगळंच कबूल करून टाकतात: ‘सर्व मुद्दे मान्य आहेत, यापुढे पूर्ण सुधारणा करीन.’ वाद टळला असं वाटतं. पण हे कागदावर राहतं. उद्या तुमच्यासाठी सुधारणा योजना आखायची ठरली, म्हणजे साठ किंवा नव्वद दिवसांची मुदत देऊन पुढे नोकरीचा निर्णय घेणारी प्रक्रिया सुरू झाली, तर ‘मान्य आहे’ हा शब्द तिच्या पहिल्या पानावर येऊ शकतो. जे तपासून खरं निघालं तेवढंच मान्य करा, आणि ते प्रसंगासह मान्य करा. ‘फेब्रुवारीत तीन दिवस थांबले’ ही कबुली एका प्रसंगापुरती आहे. ‘मी वेळेवर कळवत नाही’ ही कबुली संपूर्ण माणसाबद्दल होते. पोर्टलवरचं बटणही नीट वाचा. बहुतेक ठिकाणी ते ‘पाहिलं’ एवढ्याच अर्थाचं असतं, काही ठिकाणी ‘सहमत’ असंही लिहिलेलं असतं. दोन्हींत फार फरक आहे. पर्याय एकच असेल तर ‘पाहिल्याची नोंद म्हणून’ असे शब्द चौकटीत घालून मगच ते दाबा.

आश्वासनांचंही तसंच. दुसऱ्या मसुद्यात आश्वासन एकच आहे आणि ते पाळलं गेलं की नाही हे तिसरा माणूस सांगू शकतो: ई-वे बिल आलं नाही, त्या दिवशी मेल गेला का? ‘संवादकौशल्य सुधारेन’ हे तपासता येत नाही, त्यामुळे पुढच्या वर्षीही ते ‘सुधारलेलं नाही’ असंच राहू शकतं.

हे सगळं लेखी उत्तराबद्दल झालं. बहुतेक ठिकाणी त्याआधी समोरासमोर बोलणं होतं आणि खरी गडबड तिथेच होते, कारण तिथे मेलबॉक्स उघडायला सवड नसते. त्या खोलीत उत्तर द्यायचंच नाही, असं आधी ठरवून जा. तिथलं काम माहिती गोळा करण्याचं आहे. वही सोबत ठेवा आणि साहेबांचे शब्द आहेत तसे उतरवून घ्या. लिहिताना हात गुंतलेला राहतो आणि तोंडही थोडं आवरतं. मग विचारा, ‘सर, यातला एखादा प्रसंग सांगाल का? म्हणजे मला नेमकं काय ते कळेल.’ आवाज प्रश्नाचा हवा, उलटतपासणीचा नको. प्रसंग सांगता आला नाही तर ‘काही हरकत नाही, नंतर आठवला तर सांगा’ म्हणून पुढे जा. तेवढ्यानेही शेरा किती ठोस आहे हे दोघांना कळून चुकतं. निघताना म्हणा, ‘मी हे तपासून परवापर्यंत लिहून पाठवते.’ श्रेणी आणि पगारवाढीचा विषय त्याच बैठकीत काढायचा असेल तर तो शेऱ्यावरचं बोलणं पूर्ण झाल्यावर काढा. आधी काढलात तर शेऱ्याबद्दल विचारलेला प्रत्येक प्रश्न पैशासाठीच आहे, असं वाटू लागतं.

बोलता बोलता डोळ्यांत पाणी आलं किंवा आवाज चढला, तर ‘मला पाच मिनिटं द्या’ म्हणून बाहेर जाऊन या. यात कमीपणा काही नाही. बैठक दुसऱ्या दिवशीवर ढकलण्याची विनंतीही बहुतेक साहेब मान्य करतात.

साहेबच पक्षपाती असतील तर काय, असा प्रश्न हमखास येतो. शेरा देणाऱ्याची छाया शेऱ्यावर पडते, हे खरंच आहे. स्टीव्हन स्कलन आणि सहकाऱ्यांनी २००० साली व्यवस्थापकांच्या श्रेणींचं विश्लेषण केलं, तेव्हा श्रेणींमधल्या फरकाचा निम्म्याहून अधिक भाग श्रेणी देणाऱ्याच्या वैयक्तिक लकबींशी जोडलेला आढळला. ज्याला श्रेणी दिली जाते त्याच्या कामगिरीचा वाटा त्याहून बराच कमी होता. म्हणून श्रेणी मनाला फार लावून घेऊ नये. पण ‘साहेबांचा माझ्यावर राग आहे’ हे उत्तरात लिहून चालत नाही, कारण ते सिद्ध करता येत नाही. तीन तारखांचा तक्ता मात्र साहेब प्रेमळ असो की खुनशी, सारखाच राहतो. तपासाअंती शेरा सपशेल चुकीचा निघाला तरी उत्तराची रीत तीच: ‘तीनही प्रसंगांत ज्या दिवशी कळलं त्याच दिवशी स्वतंत्र मेल केले होते, ते सोबत जोडत आहे. याव्यतिरिक्त एखादा प्रसंग असल्यास कृपया सांगावा.’ बस्स, तेवढंच.

काही शेरे मात्र या पद्धतीत बसतच नाहीत. बाळंतपणाच्या रजेचा उल्लेख करून ‘उपलब्धता कमी’ असं लिहिलेलं असेल, जातीवरून किंवा बोलण्याच्या ढबीवरून टोला असेल, किंवा वरिष्ठाच्या गैरवर्तनाची तक्रार केल्यानंतर अचानक श्रेणी घसरली असेल, तर तिथे ‘सुधारणेची पद्धत’ सुचवत बसू नका. चौकटीत ‘हा शेरा मला मान्य नाही, याबाबत स्वतंत्रपणे लिहीत आहे’ एवढं एक वाक्य टाका. पुढची तक्रार योग्य त्या समितीकडे किंवा मनुष्यबळ प्रमुखांकडे करा. गरज वाटली तर वकिलाचा सल्लाही घ्या.

सरकारी नोकरीतल्या वाचकांसाठी नियमच निराळे आहेत. तिथे गोपनीय अहवालातल्या नोंदीवर पदोन्नती अवलंबून असते, म्हणून उत्तरालाही कायद्याचं वजन आहे. देव दत्त हे सीमा रस्ते अभियांत्रिकी सेवेतले अभियंता. १९९३-९४ च्या अहवालात त्यांना ‘चांगला’ अशी नोंद मिळाली होती आणि पदोन्नतीसाठी ‘अतिशय चांगला’ लागत होती. ही नोंद त्यांना कळवण्यातच आली नव्हती. २००८ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने त्यांच्या बाजूने निकाल देताना सांगितलं की केवळ प्रतिकूल शेरेच नव्हेत, तर प्रत्येक नोंद कर्मचाऱ्याला कळवली पाहिजे, म्हणजे त्याला तिच्याविरुद्ध दाद मागता येईल. सुखदेव सिंग यांच्या प्रकरणात २०१३ मध्ये तीन न्यायमूर्तींच्या पीठाने हीच भूमिका कायम केली. म्हणून अशा नोंदीला दिलेलं उत्तर, म्हणजे अभिवेदन, केवळ समजूतदारपणा दाखवण्यासाठी लिहायचं नसतं. नोंद उन्नत करावी किंवा शेरा काढून टाकावा, ही मागणी त्यात स्पष्ट शब्दांत हवी, कारण ती नसेल तर सक्षम अधिकारी निर्णय कशावर देणार? बाकीची रीत वरचीच: शेऱ्यातलं क्रियापद, प्रसंग, तारखा, सोबत कागद. प्रतिवेदन अधिकाऱ्याच्या स्वभावाबद्दल एक अक्षरही नको. केंद्र सरकारच्या २००९ च्या सूचनांनुसार अभिवेदनासाठी नोंद मिळाल्यापासून १५ दिवस मिळतात. राज्य सरकारच्या, महामंडळांच्या आणि बँकांच्या मुदती वेगळ्या असू शकतात, तेव्हा आपली मुदत आस्थापना शाखेकडून लगेच विचारून घ्या आणि अहवालाची प्रत हातात पडेल त्या दिवशी पोचपावतीवर सहीखाली तारीख घाला.